पाठराखीण म्हणून येणाऱ्या मुलीशी कधी बोलावं?

«वय २७, नोकरी नाशिकलाच, सातपूरला. वीस दिवसांनी चुलतभावाचं लग्न आहे, गंगापूर रोडला लॉन्सवर. होणाऱ्या वहिनीची मावसबहीण मला साखरपुड्यापासून आवडते. तेव्हा जेमतेम दोन वाक्यं बोललो होतो. लग्नात दोन्हीकडची भावकी असणार, एकांत मिळणं शक्य नाही. पण ती पाठराखीण म्हणून आमच्याकडे दोन दिवस राहणार आहे असं कळलंय. तेव्हा घरीच निवांत बोलून टाकू का? गाजावाजा न होता तिच्यापर्यंत कसं पोचवावं?»

घरी अजिबात नको. बाकी सगळ्यावर चर्चा होऊ शकते, यावर नाही.

मी नाशिकमध्ये बावीस वर्षं वधूवर सूचक मंडळ चालवते. त्याआधी काही वर्षं एका मंगल कार्यालयाची व्यवस्था बघायचे. त्यामुळे लग्नं मी स्टेजवरून पाहिली आहेत आणि कोठीघराच्या दारातूनही. वयाने तुझ्या मावशीएवढी आहे, म्हणून सरळ अरे-तुरे करते.

तुला वाटतंय की अडचण एकांताची आहे. मला तसं वाटत नाही. लग्नघरातली खरी अडचण ही, की तिथे कुणाला कुणी आवडलं की अर्ध्या तासात त्याचं «स्थळ» होतं. तू रुखवताजवळ तिच्याशी हसून बोललास, ते तुझ्या काकूने पाहिलं, काकूने शेजारच्या बाईला विचारलं, «ही मुलगी कोणाची?» मठ्ठा वाढून होईपर्यंत कुणीतरी तिच्या आईजवळ पत्रिकेचा विषय काढलेला असतो. मग त्या मुलीला तुला उत्तर द्यायची मुभाच राहत नाही. तिला घराला उत्तर द्यावं लागतं. आणि यात दोघांचं नुकसान सारखं नसतं. तुला फार तर «काय रे, बरंच चाललंय» एवढं ऐकावं लागेल. तिला गाडीत बसल्यावर विचारतात, «काय एवढं बोलत होतीस त्याच्याशी?» पुढचे चार कार्यक्रम तिच्यावर नजर राहते.

म्हणून एकांत शोधू नकोस. लोकांसमोर असं बोल, की त्याचं स्थळ होणार नाही आणि तिला नको असेल तर दहा पावलांत आईजवळ जाता येईल.

आता पाठराखिणीचं. तुला ती संधी वाटते, कारण गर्दी ओसरलेली असेल, ती घरातच असेल. पण जरा तिच्या जागी बसून बघ. नवरीला नव्या घरात पहिल्या रात्री परकं वाटू नये म्हणून ती आलेली असते. त्या घरात तिला पाण्याचा माठ कुठे आहे हेही माहीत नसतं. झोपायचं कुठे, आंघोळीला कधी जायचं, सगळं तुमच्या बायकांच्या सांगण्यावर. तिला परत न्यायला मुराळी येईपर्यंत ती निघूही शकत नाही. रात्री आठ वाजता तिने तुला «नाही» म्हटलं, तर सकाळी आठला तुझ्या आईने वाढलेले पोहे तिला तुझ्यासमोर बसून खायचे असतात. अशा ठिकाणी मुलगी «नाही» म्हणत नाही. हसते, «बघू» म्हणते, विषय बदलते. ते तू होकार समजशील आणि तिथून सगळं बिघडत जाईल.

दुसरं म्हणजे, त्या दोन दिवसांत घरात सगळ्यात नाजूक जागी तुझी वहिनी असते. सत्यनारायण व्हायचाय, कुणाकडे गोंधळ असतो, बघायला आळी लोटलेली असते. काही कमी-जास्त झालं तर कुणी तुझं नाव घेणार नाही. «हिच्या माहेरची मुलगी» असंच म्हणतील. वहिनीच्या संसाराची सुरुवात त्या वाक्याने व्हावी असं तुला वाटत नसणार.

तेव्हा त्या दोन दिवसांत तू घरातला एक मुलगा. चहा झाला का विचार, चार्जर हवा असेल तर दे, सगळ्यांत बसून पत्ते खेळ. गच्चीवर बोलावणं, «चल, सोमेश्वर दाखवून आणतो» म्हणून गाडीवर न्यायला बघणं, हे नको. बाहेर जायचं झालंच तर बहिणी-भावजया मिळून सगळे जा. आणि लग्नात बोलणं झालं असेल, तिने काही उत्तर दिलं असेल, तरी घरात त्या विषयाला हात लावू नकोस. तिने आपणहून काढला तर गोष्ट वेगळी.

मग बोलायचं कधी? लग्नाच्या दिवशी, लॉन्सवर, तिची माणसं आजूबाजूला असताना. तिथे ती मुलीकडची, म्हणजे यजमान. पाहुणा तू. तिथे तिचा जोर असतो.

पण लग्नाचा सगळा दिवस सारखा नसतो. सीमांतपूजनाच्या संध्याकाळी मुलीकडचे व्याह्यांच्या सरबराईत असतात, तेव्हा नुसती ओळख पुरे. सकाळी फेटे बांधायच्या वेळी ती नवरीच्या खोलीत. तिकडे फिरकायचंच नाही. आपल्याकडे मुहूर्ताआधी पुढाऱ्यांचे शुभाशीर्वाद चालतात, माइकवर नावं पुकारली जातात, मुहूर्त टळतो की काय म्हणून गुरुजी घड्याळ बघतात. तो तास रिकामा वाटतो, पण सगळे खुर्च्यांवर एका दिशेला तोंड करून बसलेले असतात. उठलास की तीनशे जणांना दिसतोस. मंगलाष्टकांच्या वेळी ती करवली असेल तर नवरीमागे करा-दिवा घेऊन उभी असेल. त्या वेळी तिचे फोटो काढत उभा राहिलास तर हमखास कुणीतरी बघणार.

खरी सैल वेळ अक्षता पडल्यानंतरची. पाहुणे जेवणाकडे वळतात, स्टेजवर फोटोंची रांग लागते, मग होम, सप्तपदी. घरची मंडळी शेवटच्या पंगतीला बसणार असल्यामुळे दीड-दोन तास इकडे-तिकडे घोटाळत असतात. कानपिळी झाली की दोन्हीकडची तरुण मुलं आपोआप एकत्र येतात. जोडे लपवण्यावरून घासाघीस चाललेली असते, त्यात चेष्टेला मोकळीक असते. तिथे एखादा विनोद करून ओळख ताजी करावी. पण गंभीर बोलायची ती जागा नव्हे, कारण तिथे प्रत्येक वाक्याला प्रेक्षक असतो.

बोलायला रुखवताचं टेबल मला सगळ्यात बरं वाटतं. ते उघड्यावर असतं, तिथे उभं राहायला कारण लागत नाही, लोक येतात आणि पुढे सरकतात. शिवाय त्यातलं काहीतरी तिच्या हातचं असण्याची शक्यता असते. «यातलं तुम्ही काय केलंय?» हा साधा प्रश्न आहे आणि त्याला खरं उत्तर असतं. तारीफ करायची तर वस्तूची कर, तिच्या साडीची नको. साडीवरचं वाक्य आजूबाजूच्या बायकांच्या कानावर लगेच पडतं.

चार-पाच मिनिटं बोल आणि तूच निघ. हे मी मुलांना पुन्हापुन्हा सांगते आणि तेच कुणी ऐकत नाही. पाच मिनिटांचं बोलणं ही पाहुण्यांतली बोलचाल. वीस मिनिटं झाली की बातमी होते. शिवाय तू आधी निघालास की तिच्या मनाचा अंदाज येतो. पुढच्या तासाभरात ती आपणहून तुझ्याशी काही बोलली, मघाचा धागा पकडून प्रश्न विचारला, तर तिला बोलायला आवडलंय असं समजायला हरकत नाही. नुसतं हसणं, «हो का», «छान» हे यजमानपण असतं. त्या दिवशी ती तुझ्या आत्यालाही तेवढंच हसून दाखवणार आहे. तू दिसल्यावर ती लगेच दुसऱ्या मुलीचा हात धरून उभी राहिली, एका शब्दात उत्तरं दिली, किंवा तुला मुद्दाम «दादा» म्हणाली, तर विषय तिथेच सोड. ते «दादा» फार विचार करून आलेलं असतं, त्याला हसण्यावारी नेऊ नकोस.

आता हे सगळं परिस्थितीवर किती अवलंबून आहे तेही सांगते. तिच्यासाठी स्थळं बघताहेत का, कुठे बोलणी चालू आहेत का, हे आधी कळायला हवं. तिचं घर कोणत्या वळणाचं आहे, म्हणजे घरातल्या मुली पाहुण्यांतल्या मुलांशी मोकळेपणाने बोलतात का, हेही. आणि तुला नुसती ओळख वाढवायची आहे की लग्नाचा विचार आहे, हे तुझं तुला ठाऊक पाहिजे. वहिनीच्या नात्यातली मुलगी म्हटल्यावर «बघू पुढे काय होतं ते» इतकं सैल धोरण चालत नाही. उद्या बिनसलं तरी दर राखीला, दर बारशाला समोरासमोर येणार आहात.

ही माहिती काढायला एकच माणूस निवड. वहिनी नको, ते वर सांगितलंच. वर्षभराने सांगायला हरकत नाही, आत्ता तिच्यावर ओझं टाकू नकोस. चुलतभाऊही नको. त्याच्या पोटात राहिलं तरी तो बायकोला सांगणार, आणि सांगावंच. लग्न होऊन पाच-सात वर्षं झालेली, दोन्हीकडे सहज बोलणारी, स्वतःला मध्यस्थ म्हणवून घ्यायची हौस नसलेली आतेबहीण-मावसबहीण असेल तर उत्तम. तिला दोनच गोष्टी सांग: मला ही आवडते, आणि तू कुणाला काही विचारायचं नाहीस, फक्त कुठे ठरलंय का एवढं बोलण्याच्या ओघात काढायचं.

मित्रांना तर कळूच देऊ नकोस. का, ते एका प्रसंगाने सांगते. मी कार्यालय बघत होते तेव्हाची गोष्ट. हळदीच्या रात्री नवऱ्याच्या एका मित्राने आपल्या टोळीला सांगितलं होतं, «ती हिरव्या साडीतली.» डीजे सुरू झाल्यावर मुलं चेकाळली आणि ती मुलगी समोरून गेली की «वहिनी, वहिनी» ओरडायला लागली. तो बिचारा स्वतः एक अक्षर बोलला नव्हता. दुसऱ्या दिवशी अक्षता पडल्या आणि मुलीचे वडील तिला घेऊन न जेवता निघून गेले. कोठीत मी त्यांची पाच पानं तशीच पाहिली. पुढे मी त्या मुलाला विचारलं, तर म्हणे, «मावशी, मी काय केलं?» काही केलं नव्हतं, नुसतं सांगितलं होतं.

आता मुख्य वाक्य, म्हणजे विचारायचं कसं. पाठवणीच्या आधीचा तासभर टाळ. तेव्हा मुलीकडच्यांचे डोळे भरलेले असतात. त्याआधी, जेवणं उरकल्यावर, सामान टेम्पोत चढत असताना एक वेळ येते. तिचा धाकटा भाऊ किंवा मैत्रीण आठ-दहा पावलांवर असेल तर चांगलंच. तिथे सरळ म्हण: «तुमच्याशी बोलायला बरं वाटलं. लग्नानंतर कधी मेसेज केला तर चालेल का? नको असेल तर तसं सांगा, मला वाईट वाटणार नाही, आणि तुम्ही आमच्याकडे येणार आहात तेव्हा हा विषय निघणार नाही.» शेवटचा भाग गाळू नकोस. दोन दिवस तुझ्या घरी काढायचेत हे तिच्याही डोक्यात असणार.

आजकाल लग्नाचा व्हॉट्सअ‍ॅप ग्रुप असतो आणि तिचा नंबर त्यात असेलही. असला तरी तिने हो म्हटल्याशिवाय त्यावर मेसेज टाकायचा नाही. तो नंबर तिने बसच्या वेळा आणि मेंदीवालीच्या फोनसाठी दिलाय, तुझ्यासाठी नव्हे. सगळ्यात बरं म्हणजे तिलाच सांगावं, «माझा नंबर ग्रुपवर आहे, वाटलं तर तुम्ही करा.» मग पाऊल टाकायचं की नाही ते तिच्या हातात, आणि नकार द्यायला तिला काही बोलावंही लागत नाही. महिना उलटला, मेसेज आला नाही, म्हणजे उत्तर मिळालं. त्यावर «मिळाला का नंबर?» असं विचारायला जाऊ नये. स्पष्ट नको म्हटल्यावरही पुन्हापुन्हा गाठायचा प्रयत्न करणं, मग ते प्रत्यक्ष असो की फोनवर, हा भारतीय न्याय संहितेच्या कलम ७८ खाली पाठलागाचा गुन्हा आहे, २०२४ च्या १ जुलैपासून. त्याआधीच्या कायद्यातही होता. तू तसा मुलगा वाटत नाहीस, पण बऱ्याच मुलांना हे «चिकाटी» वाटतं म्हणून लिहिते.

एक हकिगत सांगते, म्हणजे हे सगळं प्रत्यक्षात कसं दिसतं ते कळेल. मुलगा सिन्नरचा, अंबडला कंपनीत. लग्न त्याच्या आतेभावाचं. मुलगी ओझरची, नवरीची चुलतबहीण, तीच करवली आणि तीच पाठराखीण, अगदी तुझ्यासारखंच. मुलाची मावशी माझ्याकडे मंडळाच्या कामाला येते, तिच्यामार्फत तो आधी मला भेटला होता.

सीमांतपूजनाला त्याने फक्त नाव सांगितलं आणि तिचं विचारलं. दुसऱ्या दिवशी मुहूर्त १२ वाजून ३५ मिनिटांचा, अक्षता पडल्या सव्वाला. दीडच्या सुमारास ती रुखवतावर पडलेलं लोकरीचं तोरण परत लावत होती. याने टाचणी दिली आणि तोरण कुणी विणलं ते विचारलं. तिच्या आजीने. आजीवरून बोलणं पाच मिनिटं चाललं आणि हा «जेवायला वाढायचंय» म्हणून निघाला. खरोखरच गेला, आणि पंगतीत मठ्ठा घेऊन फिरला. वाढणाऱ्याला एक फायदा असतो, तो सगळ्यांशी बोलतो, त्यामुळे एकीशी बोललेलं डोळ्यांवर येत नाही. तिच्या पानाशी आला तेव्हा ती म्हणाली, «आजी तिथे बसलीय, तिला दोनदा वाढा, तोरण तिचंच आहे.» याला तेवढं पुरलं.

साडेचारला टेम्पोजवळ त्याने विचारलं. ती म्हणाली, «आत्ता नको. मे महिन्यात परीक्षा आहे. नंतर मीच करेन.» तो माझ्याकडे तोंड पाडून आला, म्हणे टाळलं मला. मी म्हटलं, टाळणारी माणसं महिना सांगत नाहीत. «बघू», «सांगते», «घरी विचारते» हे टाळणं. कारण आणि मुदत दोन्ही दिली, म्हणजे थांब. नंतरचे दोन दिवस ती त्यांच्या वाड्यावर होती. त्यातला एक दिवस हा मुद्दाम दुसऱ्या पाळीला कामावर गेला. मला ते जरा जास्तच वाटलं, पण त्याला घरात बसून साधं वागता आलं नसतं, आणि हे त्याने ओळखलं.

जूनच्या पहिल्या आठवड्यात तिचा मेसेज आला. सात-आठ महिने बोलणं झालं, तीन-चार वेळा कॉलेज रोडला कॉफीला भेटले. दोन्ही घरांत त्या मावशीशिवाय कुणाला पत्ता नव्हता. मग तिला पुण्याला नोकरी लागली. याला आई-वडिलांना सोडून सिन्नरहून हलायचं नव्हतं. दोघांनी विचार केला आणि थांबले. कुणाची पत्रिका मागितली गेली नाही, कुणाच्या आईला काही सांगावं लागलं नाही, नव्या नवरीला सासरी एक शब्द ऐकावा लागला नाही.

गेल्या वर्षी त्याच जोडप्याच्या मुलाचं बारसं झालं. मीही होते. ती पुण्याहून आली होती, पाळण्याला तिनेच आजीचं ते तोरण बांधलं. एक टोक पुरत नव्हतं म्हणून तिने हाक मारली, आणि हा टाचणी घेऊन गेला.